बॅटरी ५जी खाते की भिंत?

‘फोनमध्ये ५जी चालू केल्यापासून चार्जिंग संध्याकाळपर्यंतही पुरत नाही,’ ही तक्रार गेल्या तीन वर्षांत घरोघरी ऐकू येते. नवी मुंबईत तर ती अधिकच. सकाळी खारघर किंवा नेरूळहून पूर्ण चार्ज करून निघालेला फोन दुपारी चारला ऐरोलीच्या कार्यालयात तीस टक्क्यांवर आलेला असतो. मग कोणी सांगते, ५जी बंद कर. ते केल्यावर कोणाची बॅटरी खरोखर टिकते, कोणाच्या बाबतीत काहीच फरक पडत नाही, आणि कोणाचा रोजचा डेटा दुपारीच संपतो. एकाच उपायाचे तीन वेगळे परिणाम होत असतील, तर दोष नेमका कशात आहे हे आधी पाहायला हवे.

५जी या तंत्रामुळे बॅटरी उतरते, हे अर्धेच खरे आहे. फोनमधला रेडिओ किती वेळ जागा राहतो आणि टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला किती जोर लावावा लागतो, या दोन गोष्टींवर बॅटरीचा खर्च ठरतो. सिग्नल चांगला असेल तर ५जी काम लवकर उरकते आणि वीज वाचवते. सिग्नल काठावर असेल, तर तोच ५जी ४जीपेक्षा कितीतरी जास्त वीज खातो. आणि सिग्नल काठावर आहे की नाही, हे पुष्कळदा टॉवरपेक्षा आपण ज्या इमारतीत बसलो आहोत तिच्या भिंती आणि काचा ठरवतात.

दोन प्रकारचे ५जी

भारतात ५जी सेवेचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी नवी दिल्लीत झाले आणि मुंबई पहिल्या शहरांमध्ये होती. त्या वेळी दोन मोठ्या कंपन्यांनी दोन वेगळे मार्ग घेतले. एअरटेलने आधीच्या ४जी जाळ्याच्या आधाराने चालणारे ५जी आणले, तर जिओने स्वतंत्र गाभा असलेले ५जी उभारले. व्होडाफोन आयडियाने मार्च २०२५ मध्ये मुंबईत ५जी सुरू केले, तेही आधाराने चालणारेच.

आधाराने चालणाऱ्या ५जीत फोन आधी ४जीच्या टॉवरशी जोडला जातो. कॉल, नोंदणी, ‘मी इथे आहे’ असे कळवणे ही सगळी कामे ४जीवरून होतात. डेटाची गरज पडली की त्याच्या जोडीला ५जीची दुसरी वाट उघडते. म्हणजे डेटा चालू असताना फोनला दोन जाळ्यांशी एकाच वेळी बोलावे लागते, आणि त्यासाठी दोन्हींचे रेडिओ जागे असतात. स्वतंत्र ५जीत ही दुहेरी जोडणी सहसा लागत नाही. मात्र तिथे ५जीचा सिग्नल क्षीण झाला, की फोन ५जी सोडून ४जीवर जातो आणि सिग्नल सुधारला की परत येतो. ५जी आणि ४जीचा गाभा वेगळा असल्याने अशा प्रत्येक स्थलांतराच्या वेळी फोनला जाळ्याशी नव्याने संदेशांची देवाणघेवाण करावी लागते. काठावरच्या जागी बसलेल्या माणसाचा फोन दिवसभर असा उंबरठ्यावर येजा करत राहतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फोनच्या वरच्या कोपऱ्यात ‘5G’ दिसते म्हणजे डेटा ५जीवरूनच येतो आहे, असे नाही. आधाराने चालणाऱ्या जाळ्यात ४जीचा टॉवर ‘माझ्या भागात ५जी उपलब्ध आहे’ असे जाहीर करतो आणि अनेक फोन तेवढ्यावरच ते चिन्ह दाखवतात. त्यामुळे चिन्ह पाहून बॅटरीचा हिशेब लावता येत नाही.

संदेश आला, पण रेडिओ झोपला नाही

आता रेडिओच्या जागे राहण्याकडे वळू. फोन खिशात असतो तेव्हा त्याचा रेडिओ बहुतेक वेळ झोपलेला असतो. ठरावीक अंतराने क्षणभर उठून ‘माझ्यासाठी काही आहे का’ एवढे तो ऐकतो आणि पुन्हा झोपतो. या अवस्थेत खर्च नगण्य असतो. पण व्हॉट्सॲपचा एक छोटा संदेश आला, की रेडिओला पूर्ण जागे व्हावे लागते. संदेश पोहोचायला सेकंदाचा काही भाग पुरतो, तरी रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने तो काही सेकंद जागाच राहतो, कारण प्रत्येक वेळी जोडणी तोडून नव्याने जोडणे जाळ्याला महाग पडते. ही मुदत जाळे ठरवते, आपण नाही. ४जी नवे असताना, २०१२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध मोजमापात ती सुमारे साडेअकरा सेकंद निघाली होती आणि त्या काळात फोन एक वॉटहून थोडी जास्त वीज घेत होता. आजचे फोन अधिक काटकसरी आहेत, पण तत्त्व तेच आहे. एका ओळीच्या संदेशाचा खरा खर्च त्या ओळीत नसतो, तर तिच्या मागे राहिलेल्या जागरणात असतो.

५जीत या जागरणाची किंमत वाढू शकते. ४जीचा एक वाहक जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो, तर भारतात ५जीसाठी मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असू शकतो. एवढ्या रुंद पट्ट्यावर कान लावून बसणे म्हणजे फोनमधल्या चिपला जास्त काम. गरज नसताना पट्टा अरुंद करून ऐकण्याची सोय ५जीच्या नियमांत आहे, पण ती किती वापरली जाते हे फोन आणि जाळे या दोघांवर अवलंबून असते. त्यात आधाराने चालणारे जाळे असेल तर ४जीचा रेडिओही सोबत जागा असतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. समजा, एक जीबीची फाइल उतरवायची आहे. चांगल्या ५जीवर सेकंदाला ३०० मेगाबिटचा वेग मिळाला, तर ती सुमारे २७ सेकंदांत उतरते. गर्दीच्या ४जीवर २० मेगाबिट मिळत असतील, तर ४०० सेकंद लागतात. हिशेबासाठी धरू की ५जीवर रेडिओ चार वॉट घेतो आणि ४जीवर दीड वॉट. तर ५जीचा खर्च सुमारे १०७ ज्यूल होतो आणि ४जीचा ६००. मोठे काम असेल आणि सिग्नल चांगला असेल तर ५जी स्वस्त पडते. छोटी छोटी कामे असतील आणि सिग्नल वाईट असेल तर तेच महाग पडते. आपला दिवस मात्र बहुतांशी छोट्या कामांचाच असतो.

काच आणि काँक्रीट

यानंतर जोर लावण्याचा मुद्दा. टॉवरचा आवाज मोठा असतो, कारण त्याला विजेची कमतरता नसते आणि ५जीच्या टॉवरवर डझनावारी लहान अँटेना मिळून लहरी नेमक्या फोनच्या दिशेने वळवतात. फोनला मात्र उत्तर द्यायचे असते ते स्वतःच्या बॅटरीवर. टॉवर जवळ असेल तर फोन कुजबुजतो. सिग्नल क्षीण झाला की टॉवर त्याला ‘मोठ्याने बोल’ असे सांगत राहतो, आणि फोन सामान्यतः २०० मिलिवॉट या कमाल मर्यादेपर्यंत आवाज चढवतो. मोबाइलच्या लहरींच्या रूपाने २०० मिलिवॉट बाहेर पाठवण्यासाठी बॅटरीतून त्याच्या दुपटी-तिपटीहून अधिक वीज खेचली जाते. उरलेली वीज उष्णता होते. वाईट रेंजमध्ये व्हिडिओ कॉल केल्यावर फोनची पाठ गरम लागते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

सिग्नल मोजण्याचे एकक डीबीएम आहे आणि त्याचे आकडे उणे असतात. उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे चालण्याजोगा, उणे ११० च्या खाली गेला की क्षीण आणि उणे १२० च्या आसपास तुटण्याच्या बेतात. हे मोजमाप साधे वाढत-घटत नाही. तीन आकडे उतरले की सिग्नल निम्मा होतो आणि दहा उतरले की दहावा भाग उरतो.

आता भिंतीचा हिशेब पाहू. मोबाइलचे जागतिक नियम ठरवणाऱ्या ‘३जीपीपी’ या संघटनेच्या गणनासूत्रात इमारतींच्या साहित्याने सिग्नल किती घटतो ते दिले आहे. साध्या काचेतून ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरी गेल्या तर तीन डेसिबल, म्हणजे निम्म्या घटतात. काँक्रीटच्या भिंतीने त्या सुमारे १९ डेसिबल घटतात, म्हणजे ऐंशीवा भाग आत येतो. उन्हाची उष्णता परतवण्यासाठी धातूचा अतिसूक्ष्म थर दिलेली काच असेल तर घट सुमारे २४ डेसिबल होते आणि अडीचशेवा भाग उरतो. वातानुकूलनाचे बिल वाचवणारी ही काच मोबाइलच्या बाबतीत काँक्रीटपेक्षाही घट्ट पडदा ठरते. नव्या काचेरी इमारतींत खिडकीपाशी बसूनही रेंज येत नाही, त्यामागे बहुधा हेच असते.

७०० मेगाहर्ट्झच्या लहरी काँक्रीटमधून सुमारे आठ डेसिबल घटतात, म्हणजे सहावा भाग आत येतो. म्हणूनच २०२२ च्या लिलावात जिओने हा पट्टा घेतला. मात्र तो अरुंद आहे. आत पोहोचतो, पण वेग तितका देत नाही. थोडक्यात, वेग देणाऱ्या लहरी भिंतीत अडतात आणि भिंत ओलांडणाऱ्या लहरींकडे रुंदी नसते. हा पेच कोणत्याही एका कंपनीचा नाही, तो भौतिकशास्त्राचा आहे.

एका दिवसाचा हिशेब

हे सगळे एका उदाहरणात मांडू. खारघरला राहणारी आणि ऐरोलीच्या एका आयटी इमारतीत काम करणारी व्यक्ती धरू. फोनची बॅटरी ५००० एमएएचची. तिच्यात साधारण १९ वॉट-तास, म्हणजे सुमारे ६९ हजार ज्यूल ऊर्जा मावते. एक टक्का म्हणजे जवळपास ७०० ज्यूल. पुढचे वॉटचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. प्रत्येक फोनमध्ये ते वेगळे निघतील, पण प्रमाण कळायला पुरेसे आहेत.

कार्यालयात नऊ तास. तासाला सरासरी तीस वेळा काही ना काही येते: संदेश, मेल, बातम्यांच्या सूचना, बँकेचे ॲप. म्हणजे दिवसात २७० वेळा रेडिओ जागा होतो. सिग्नल चांगला असेल आणि प्रत्येक वेळी रेडिओ एका वॉटने दहा सेकंद जागा राहत असेल, तर खर्च २७०० ज्यूल, म्हणजे जेमतेम चार टक्के.

आता तीच व्यक्ती इमारतीच्या मधल्या भागात, खिडकीपासून दूर बसली आहे. तिथे ५जीचा सिग्नल उणे ११५ आहे. फोनचे दोन्ही रेडिओ जागे आहेत, फोन कमाल जोराने बोलतो आहे, आणि सिग्नल वाईट असल्याने निरोप पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो आहे. प्रत्येक वेळी अडीच वॉटने बारा सेकंद धरले, तर एका संदेशाला ३० ज्यूल लागतात. दिवसाला ८१०० ज्यूल, म्हणजे जवळपास बारा टक्के. संदेश तेवढेच आले, पण खर्च तिप्पट झाला.

या व्यक्तीच्या फोनमध्ये दुसरे सिमही आहे, गावाकडे चांगले चालणारे, पण या इमारतीत अजिबात न मिळणारे. कुठलेच जाळे मिळत नसले की फोन शोध सुरू करतो. आधी शेवटी वापरलेल्या पट्ट्यांवर, मग त्याला माहीत असलेल्या सगळ्या पट्ट्यांवर, ४जी, ५जी आणि निवड तशी असेल तर २जी-३जीवरही. काही मिळाले नाही की थोडा थांबतो आणि पुन्हा शोधतो. प्रत्येक फेरीला रेडिओ काही सेकंद सलग ऐकत असतो. हा शोध आपल्याला दिसत नाही, कारण स्क्रीन बंद असते आणि पहिले सिम व्यवस्थित चाललेले असते. सरासरी ०.२ वॉट जरी धरले तरी नऊ तासांत ६५०० ज्यूल जातात, म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त. एकही कॉल न करता, एकही संदेश न घेता.

म्हणजे चांगल्या सिग्नलच्या जागी चार टक्के आणि या जागी एकवीस. या सतरा टक्क्यांच्या फरकातला मोठा वाटा न चालणाऱ्या दुसऱ्या सिमचा आहे. ५जी बंद करून तो वाटा वाचणार नाही. काहींना ५जी बंद करून फरक पडत नाही, त्याचे एक कारण इथे सापडते.

प्रवासाचाही वाटा असतो. खारघरहून बेलापूर, सीवूड्स, नेरूळ, जुईनगर, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे करत ऐरोलीला जाणारी लोकल पाऊण तासात अनेक टॉवरांच्या हद्दी ओलांडते. ५जीचा प्रत्येक टॉवर तुलनेने लहान भाग सांभाळत असल्याने हद्दी अधिक, आणि आधाराच्या जाळ्यात ४जी व ५जी यांचे बदल वेगवेगळ्या ठिकाणी होतात. गाडीत व्हिडिओ पाहत गेलो तर प्रत्येक हद्दीवर मोजमापे आणि नवी जोडणी आलीच. पण हा दीड तासाचा मामला आहे. नऊ तास एका जागी वाईट सिग्नलमध्ये बसणे त्याहून महाग पडते.

आपल्या फोनचे निदान

उपाय करण्याआधी निदान करावे. त्याला तीन पायऱ्या पुरतात.

पहिली, सिग्नल मोजा. अँड्रॉइड फोनमध्ये Settings मध्ये About phone आणि त्यात SIM status उघडले की Signal strength समोर डीबीएमचा आकडा दिसतो. काही फोनमध्ये ते Status किंवा Status information या नावाखाली असते. आयफोनमध्ये डायल करण्याच्या जागी *3001#12345#* टाइप करून कॉलचे बटण दाबले की तपासणीचा पडदा उघडतो आणि त्यात RSRP नावाने हा आकडा मिळतो. घर, कार्यालयातली आपली खुर्ची आणि खिडकी, अशा तीन जागी दोन्ही सिमचे आकडे लिहून ठेवा. दांड्यांवर विसंबू नका, कारण किती डीबीएमला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते.

दुसरी, रात्रीची चाचणी. एका रात्री फोन विमान मोडमध्ये, वाय-फायही बंद ठेवून झोपा आणि सकाळी किती टक्के उतरले ते पाहा. दुसऱ्या रात्री मोबाइल डेटा चालू ठेवून तेच करा. दोन्ही रात्री बॅटरी सारखीच उतरली, तर दोष नेटवर्कचा नाही. पडद्याआड चालणारे एखादे ॲप किंवा जुनी झालेली बॅटरी असू शकते. विमान मोडमध्ये दोन टक्के आणि एरवी पंधरा टक्के असतील, तर चोर नेटवर्कच्या बाजूला आहे.

तिसरी, दिवसाची चाचणी. दोन दिवस Preferred network type मध्ये ५जीसह असलेला पर्याय ठेवा, दोन दिवस ५जी वगळून LTE चा. मध्ये दुसरे काही बदलू नका, आणि स्क्रीन किती वेळ चालू होती तेही नोंदवा, कारण स्क्रीनचा खर्च या सगळ्याहून मोठा असू शकतो. चार-पाच टक्क्यांच्या फरकाला महत्त्व देऊ नका. बॅटरीची टक्केवारी हाच मुळात एक अंदाज असतो. दहा टक्क्यांहून मोठा फरक दोन्ही वेळा दिसला तरच तो खरा मानावा. फोनचे सॉफ्टवेअर नुकतेच अद्ययावत केले असेल तर पहिले दोन-तीन दिवस सोडून द्या. त्या काळात फोनची स्वतःचीच कामे बरीच चाललेली असतात.

उपाय आणि त्याची किंमत

निदानानुसार उपाय बदलतो. दुसरे सिम त्या जागी मिळत नसेल तर दिवसापुरते ते सेटिंगमधून बंद ठेवावे. सिम काढण्याची गरज नाही, नुसती कळ सरकवायची आहे. मात्र बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येत असेल तर हे लक्षात ठेवावे.

कार्यालयात वाय-फाय असेल तर डेटा त्यावर न्यावा आणि वाय-फाय कॉलिंग चालू करावे. २०१९-२० पासून आपल्याकडे ही सोय आहे. वाय-फायचा डबा काही मीटरवर असतो, त्यामुळे फोनला कुजबुजून भागते. इमारतीत मोबाइलचा सिग्नल जवळपास नसेलच, तर विमान मोड लावून फक्त वाय-फाय चालू केल्यास शोध थांबतो आणि अनेक फोनवर कॉल तरीही येतात. ओटीपीचा संदेश येतो का, हे आधी एकदा तपासून घ्यावे.

५जीचा सिग्नल उणे ११० च्या खाली आणि ४जीचा त्याहून बराच बरा असेल, तर त्या जागेपुरते LTE निवडणे शहाणपणाचे. आयफोनमध्ये 5G On ऐवजी 5G Auto ठेवले की, ५जीने विशेष फायदा होत नसेल तेव्हा फोन स्वतःच ४जीवर जातो. मात्र इथे एक किंमत आहे. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा जिओ आणि एअरटेलने अमर्याद ५जी डेटा रोज २ जीबी वा त्याहून अधिकच्या योजनांपुरता ठेवला. हा डेटा अमर्याद असतो तो ५जीवर. फोन ४जीवर आला की रोजचा कोटा खर्च होऊ लागतो. बॅटरी वाचवायला ४जीवर गेलेल्यांचा डेटा दुपारीच का संपतो, त्याचे उत्तर हे आहे. म्हणून दिवसभर ५जी बंद ठेवण्यापेक्षा वाईट सिग्नलच्या जागी बंद आणि मोठ्या डाउनलोडच्या वेळी चालू, हा हिशेब बरा.

एक गोष्ट करू नये. काही ॲप किंवा *#*#4636#*#* या अँड्रॉइडच्या तपासणी-पडद्यावरून फोनला ‘फक्त ५जी’वर, म्हणजे NR only वर बांधता येते. वेगासाठी लोक हे करतात. आधाराने चालणाऱ्या जाळ्यात ४जीच नाकारले तर फोनला धरायलाच काही उरत नाही. तो सतत शोधत राहतो आणि कॉलही लागत नाहीत.

आरोग्याच्या अंगाने इथे एवढेच. वाईट सिग्नलमध्ये फोन जास्त जोराने लहरी पाठवतो, म्हणजे तो कानाला लावला असताना शरीरात शोषली जाणारी ऊर्जाही वाढते. भारतात याची मर्यादा किलोमागे १.६ वॉट आहे आणि फोन कमाल जोरावर असतानाही ती पाळली जाईल अशी चाचणी घेतली जाते. *#07# टाइप केल्यावर आपल्या फोनचा आकडा दिसतो. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण लिफ्ट, तळघर किंवा काचेच्या इमारतीच्या मध्यभागी लांब बोलायचे असेल तर इअरफोन किंवा स्पीकर वापरला की बॅटरी नाही तरी कान आणि गाल गरम होणे टळते.

भिंतीची जबाबदारी कोणाची

आतापर्यंतचे सगळे उपाय फोनच्या मालकाने करायचे आहेत. पण उणे ११५ चा सिग्नल त्याने निर्माण केलेला नाही. मोठ्या इमारतीत बाहेरच्या टॉवरवर अवलंबून न राहता छतात लहान अँटेनांचे जाळे बसवावे लागते. ते बसवले की फोनला काही मीटरवर टॉवर मिळतो. न बसवले तर राहिलेले अंतर प्रत्येकाच्या बॅटरीला कापावे लागते. इमारतीच्या मालकाचा वाचलेला खर्च शेकडो लोकांच्या पॉवर बँकेत जातो.

हा प्रश्न नवी मुंबईला नुकताच ठळकपणे दिसला. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. सुरुवातीलाच टर्मिनलमध्ये मोबाइल नेटवर्क नीट मिळत नसल्याच्या तक्रारी आल्या. आतले जाळे कोणी उभारायचे आणि त्यासाठी किती आकार घ्यायचा, यावरून दूरसंचार कंपन्यांची संघटना व विमानतळ कंपनी यांच्यात जाहीर वाद झाला आणि दोघांनी आपापली बाजू मांडली. वादाचा निकाल काहीही लागो, प्रश्न तोच आहे: छताखालचा सिग्नल ही कोणाची जबाबदारी?

नियामक संस्था ‘ट्राय’ने त्या दिशेने दोन पावले टाकली आहेत. सेवेच्या दर्जाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर व्याप्तीचे नकाशे द्यावे लागतात, त्यात ५जीचाही नकाशा असतो. पण नकाशावर आपली इमारत हिरवी दिसली म्हणून सातव्या मजल्यावरच्या मधल्या खोलीत रेंज येईल असे नव्हे. भिंतीच्या आतले नकाशा सांगत नाही. दुसरे पाऊल अधिक उपयोगी ठरू शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियम केले. घर किंवा कार्यालय घेताना लिफ्ट, पार्किंग, पाणी पाहतो तशी आतली रेंजही पाहता यावी, हा त्यामागचा विचार.

त्यात ग्राहकाच्या हाती एक ठोस गोष्ट आहे. ‘नेटवर्क येत नाही’ या तक्रारीला १९८ क्रमांकावर ठरावीक उत्तर मिळते. ‘अमुक इमारत, अमुक मजला, खिडकीपाशी उणे ९८ आणि आतल्या खोलीत उणे ११८, सलग तीन दिवस’ अशी तक्रार केली, तर दोष टॉवरचा की भिंतीचा हे त्या दोन आकड्यांवरूनच कळते. खिडकीपाशीही सिग्नल वाईट असेल तर पाठपुरावा कंपनीकडे करायचा. खिडकीशी चांगला आणि आत वाईट असेल, तर सोसायटीच्या किंवा कार्यालयाच्या व्यवस्थापनाकडे.